'वुई हॅड अप्लाइड', 'डिड नॉट रिसीव्ह' वगैरे : ऑफिसच्या मेलमधले काळ

पानशेत_पॅसेंजर

आमच्याकडे यूकेच्या एका क्लायंटचं सपोर्टचं काम आहे. टीममध्ये बहुतेक मराठी पोरंपोरी, पुणे, सांगली, नगरकडची. इंग्रजी कुणाचंच वाईट नाही, स्पेलिंग चुकत नाहीत, वाक्यंही सुटसुटीत असतात. तरी गोंधळ झालाच.

शुक्रवारी रात्री आम्ही एक पॅच टाकला. सोमवारी सकाळी तिकडच्या लोकांना रिपोर्ट उघडेनात, म्हणून त्यांनी मेल टाकून विचारलं. आमच्या एका मुलानं हे उत्तर पाठवलं:

"वुई हॅड अप्लाइड द पॅच ऑन फ्रायडे नाइट. द रिपोर्ट सर्व्हर वॉज डाउन सिन्स मॉर्निंग. वुई डिड नॉट रिसीव्ह एनी अलर्ट. वुई वुड शेअर ॲन अपडेट बाय ईओडी."

हेच मराठीत म्हणून बघा. 'शुक्रवारी रात्री पॅच टाकला होता. सर्व्हर सकाळपासून बंद होता. आम्हाला अलर्ट आला नाही. संध्याकाळपर्यंत कळवू.' आपल्याला काही खटकतं का? मला तरी नाही.

तिकडच्या बाईंनी तीन प्रश्न विचारले. पॅच अजून आहे की काढून टाकला? सर्व्हर नक्की कधी सुरू झाला? आणि अपडेट देणार आहात की त्याला काही अट आहे? वस्तुस्थिती अशी की पॅच जागेवर होता, सर्व्हर अजून बंदच होता आणि अपडेट नक्की जाणार होता. त्यात त्यांनी आपल्या मॅनेजरला 'सर्व्हर सुरू झालाय' असं कळवूनही टाकलं होतं. पुढे काय झालं असेल ते सांगत नाही.

प्रश्न असा की हॅव-हॅड सगळ्यांनी शाळेत घोकलेलं असूनही हे का होतं? आणि टीमला सांगायचं तर नेमकं काय सांगायचं? व्याकरणाचा तास मला घ्यायचा नाहीये.

बोका_बोरिवली

मूळ रोग मराठीतच आहे. घरी अंघोळ चालू असताना फोनवर "निघालो, आलोच!" म्हणणाऱ्या माणसाकडून तुम्ही काळाची शिस्त मागताय.

तात्या_सदाशिव

एवढं अवघड काय आहे त्यात? नुकतंच घडलं असेल तर हॅव, थोडं जुनं झालं तर साधा पास्ट, त्याहून जुनं असेल तर हॅड. आम्हाला मास्तरांनी असंच शिकवलं आणि नोकरी सगळी त्यावरच निघाली. शुक्रवारचं सोमवारी सांगायचं म्हणजे दोन-तीन दिवस झाले, त्यामुळे मुलाला वाटलं असेल की जुनं झालं, म्हणून हॅड.

अनुस्वार

तात्या, मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल ते तुम्ही बरोबर ओळखलंत. नियम मात्र तसा नाही.

मी बरीच वर्षं कंपन्यांचे रिपोर्ट आणि पत्रव्यवहार तपासते. 'नुकतंच' हा शब्द शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. पण इंग्रजीत दोन मिनिटांपूर्वी बंद पडलेल्या लिफ्टलाही साधाच भूतकाळ लागतो: "द लिफ्ट स्टॉप्ड टू मिनिट्स अगो." उलट वीस वर्षांपूर्वी दुबईत नोकरी केलेला माणूस आज मुलाखतीत "आय हॅव वर्क्ड इन दुबई" म्हणतो आणि त्यात काही चूक नाही. म्हणजे प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. बोलणारा आजच्या जागेवर उभा राहून सांगतोय, की एका संपलेल्या वेळेकडे बोट दाखवतोय, एवढाच फरक आहे. वाक्यात काल, शुक्रवारी, दहा वाजता, गेल्या महिन्यात असं काही आलं की बोट दाखवून झालं. तिथे हॅव बसत नाही.

आपल्याकडे ही अडचणच नाही. "मी काल पाठवलंय की तुम्हाला" हे उत्तम मराठी आहे. 'काल' आणि 'आहे' एका वाक्यात गुण्यागोविंदानं राहतात. म्हणून "आय हॅव सेंट इट यस्टरडे" लिहिताना आपला हात अडत नाही. या चुकीनं निदान अर्थाचा घोटाळा होत नाही, वाचणाऱ्याला फक्त खडा लागल्यासारखं होतं.

हॅडचं तसं नाही, तिथे अर्थच बदलतो. आपला 'टाकला होता' एकटा उभा राहू शकतो. इंग्रजी हॅडला पुढे दुसरी घटना लागते: अमुक घडलं, त्याआधी तमुक झालेलं होतं. ती घटना वाक्यात नसली तर वाचणारा स्वतःच शोधायला लागतो. 'पॅच टाकला होता... मग? मग काढला असणार.' बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो यामुळे.

पानशेत_पॅसेंजर

हे पटलं. म्हणजे तिथे साधं "वुई अप्लाइड" पुरलं असतं?

अनुस्वार

हो. आणि पॅच अजून आहे हे सांगायचं असेल तर ते वेगळ्या शब्दांत सांगायचं. "वुई अप्लाइड" एवढ्यानं तो आजही आहे याची खात्री होत नाही, फक्त उलटी शंका येत नाही.

जावळी_जंक्शन

एक शंका. सर्व्हरच्या वाक्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटत नाही. 'सर्व्हर सकाळपासून बंद होता' असं आपण मराठीतही तो सुरू झाल्यावरच म्हणू. अजून बंद असेल तर 'सकाळपासून बंद आहे' म्हणू. म्हणजे हे मराठीचं इंग्रजीत उतरलेलं नाही. मग मुलानं 'वॉज' का लिहिलं?

पानशेत_पॅसेंजर

बरोबर धरलंत, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी आत्ताच त्याला विचारलं. त्यानं सर्व्हर तपासला साडेबाराला, मेल लिहिला दीडला. तो म्हणतो, "मी बघितलं तेव्हा बंद होता ना, म्हणून वॉज." म्हणजे तो स्वतःच्या तपासणीची वेळ सांगत होता आणि वाचणाऱ्याला सर्व्हरची सद्यस्थिती हवी होती.

अनुस्वार

हे फार ठिकाणी दिसतं. त्यात एक सवयही मिसळलेली असते. ऑफिसचा मेल म्हणजे अहवाल आणि अहवाल म्हणजे भूतकाळ, असं आपल्या मनात असतं. त्यामुळे चालू असलेल्या गोष्टीही वॉजमध्ये जातात. "द क्लायंट वॉज नॉट हॅपी विथ द डिझाइन" असं वाचलं की मला कळत नाही, तो आता खूश आहे की अजून धुमसतोय.

अजून बंद असेल तर "हॅज बीन डाउन सिन्स नाइन". आपण एरवी लिहितो ते "इज डाउन सिन्स मॉर्निंग" व्याकरणात चूक आहे, पण सर्व्हर आत्ता बंद आहे एवढं तरी त्यातून कळतं. माझ्या मते तुमच्या मुलाच्या 'वॉज'पेक्षा ती चूक परवडली.

नागेश_एस

सगळे हॅव-हॅड करत बसलात, 'ईओडी' कुणाला दिसला नाही? कुणाचा ईओडी? आपला सहाचा की त्यांचा? हिवाळ्यात आपण यूकेच्या साडेपाच तास पुढे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकतात आणि फरक साडेचार तासांवर येतो. आम्ही दर वर्षी त्या सोमवारचा कॉल चुकवतो.

बोका_बोरिवली

दर वर्षी? मग ती परंपरा आहे, चूक नाही.

अनुस्वार

नागेश यांचा मुद्दा मूळ विषयाला धरूनच आहे. "आय हॅव स्पोकन टू हिम धिस मॉर्निंग" हे वाक्य सकाळ चालू आहे तोवरच बरोबर. दुपारी लिहिलं तर "आय स्पोक". आता तुम्ही दीड वाजता लिहिताय आणि वाचणाऱ्याकडे सकाळचे नऊ वाजलेत, तर 'धिस मॉर्निंग' कुणाची? मी अशा ठिकाणी सरळ घड्याळाची वेळ घालायला सांगते, आणि वेळ घातली की साधा भूतकाळ.

काका_कर्वेनगर

मी तर सगळे मेल मराठीतूनच लिहितो आणि सर्वांनी तसेच लिहावे या मताचा आहे. मराठीत कधीच गैरसमज होत नाहीत. अपवाद एकदाच झाला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ग्रुपवर लिहिले, 'टँकर आला नाही.' अर्ध्या लोकांना वाटले की अजून यायचा आहे, त्यांनी बादल्या रिकाम्या ठेवून वाट पाहिली. सेक्रेटरी कालच्या टँकरबद्दल सांगत होता, हिशेबासाठी. आजचा टँकर केव्हाच येऊन गेला होता. जोरदार भांडण झाले.

जावळी_जंक्शन

काका, धागा इंग्रजी मेलचा आहे :)

अनुस्वार

असू द्या, काकांनी तिसऱ्या वाक्याची किल्लीच दिली.

'आला' आणि 'आला आहे' हे आपल्याकडे दोन वेगळे प्रकार आहेत. पण नकार केला की दोन्ही एकाच घरात जातात: 'आला नाही'. 'आलेला नाही' किंवा 'अजून आला नाही' असं म्हणता येतं, पण रोजच्या बोलण्यात नुसतं 'आला नाही'च चालतं. इंग्रजीत मात्र नकारातही दोन रस्ते वेगळे राहतात. "डिड नॉट कम" म्हणजे येण्याची वेळ होऊन गेली, तो विषय संपला. "हॅज नॉट कम" म्हणजे दार अजून उघडं आहे, येऊ शकतो. मराठी माणूस यातलं पहिलंच जास्त वापरतो, कारण 'आला नाही'चं 'डिड नॉट' हे भाषांतर शाळेपासून पक्कं बसलंय.

मृगजळ_कोल्हापूर

अगं बाई, हे वाचून मला आमचा पीओचा घोळ आठवला! मी इथल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं बघते. बाहेरच्या एका खरेदीदारानं फोनवर सांगितलं होतं की पुढच्या खेपेचा पीओ पाठवतो. आठवडा झाला तरी काही नाही, म्हणून आमच्या ऑफिसमधून मेल गेला, "वुई डिड नॉट रिसीव्ह द पीओ." आम्हाला म्हणायचं होतं, अजून आला नाही, वाट बघतोय.

तिकडच्या नव्या माणसाला वाटलं की त्यांनी पाठवलेला पीओ वाटेत हरवला. प्रत्यक्षात तो त्यांच्याकडेच सहीसाठी पडून होता. या माणसानं 'हरवला' म्हणून नवीन नंबरनं दुसरा काढून पाठवला. दोन दिवसांनी सही होऊन पहिलाही आला. माल तोच, संख्या तीच, नंबर दोन. आमच्या प्लॅनिंगवाल्यांनी दोन्ही सिस्टीममध्ये चढवले. कास्टिंगचं वेळापत्रक लावताना एकाला शंका आली म्हणून वाचलो, नाहीतर दुप्पट माल ओतून बसलो असतो.

तेव्हा सगळे त्या नव्या माणसाला वेड्यात काढत होते. आता वाटतं, वाक्य वाचून त्यानं जे केलं ते तसं सरळच होतं.

तात्या_सदाशिव

म्हणजे तिथे काय लिहायला हवं होतं?

मृगजळ_कोल्हापूर

आता कळलं त्याप्रमाणे "वुई हॅव नॉट रिसीव्ड द पीओ येट." खरं तर शेवटचा 'येट' असता तरी भागलं असतं.

जर्सी_जोशी

हा 'येट' आमच्याकडे वेगळा वागतो. न्यू जर्सीत माझ्या ऑफिसात सगळे गोरे "डिड यू गेट इट येट?", "आय ऑलरेडी सेंट इट" असंच बोलतात. ब्रिटिश माणूस तिथे हॅव घालेल, अमेरिकन घालत नाही. त्यामुळे इकडे कुणाला काही वाटत नाही. तुम्ही लोक उगाच घाबरवताय.

अनुस्वार

जस्ट, ऑलरेडी, येट या तीन शब्दांबरोबर अमेरिकेत साधा भूतकाळ सर्रास चालतो, हे खरं. म्हणून मृगजळ म्हणतात तसा 'येट' घातला असता तर तिथे अर्थ पोचला असता. पण "हॅव सेंट यस्टरडे" तुमच्या गोऱ्यांच्याही तोंडी येणार नाही, आणि एकटं पडलेलं हॅड त्यांनाही तितकंच गोंधळात टाकतं. एकदा विचारून बघा.

जर्सी_जोशी

विचारलं. शेजारच्या क्युबिकलमधल्याला "आय हॅड सेंट यू द फाइल" एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "ॲंड?" पुढे काहीतरी सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

श्टुटगार्टकर

गंमत म्हणजे माझे जर्मन सहकारी नेमकी आपलीच चूक करतात. जर्मनमध्ये "इश हाबे डी डाटाय गेस्टर्न गेशिक्ट" अगदी बरोबर आहे, शब्दशः 'मी फाइल काल पाठवली आहे'. 'पाच वर्षांपासून इथे काम करतो' हेही ते आपल्यासारखं वर्तमानकाळातच बोलतात. त्यामुळे आमच्या ऑफिसात मी आणि ते "आय हॅव सेंट यस्टरडे" आणि "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" असं आनंदानं लिहितो आणि एकमेकांना उत्तम समजतो. लंडन ऑफिसचा माणूस सीसीमध्ये आला की वातावरण बिघडतं.

पण एका वाक्यानं आम्हीही फसलो. 'सोमवारपासून टेस्टिंग करतोय' हे मी लिहिलं "वुई आर टेस्टिंग फ्रॉम मंडे." टेस्टिंग चालू होऊन चार दिवस झाले होते. लंडनवाल्याला वाटलं येत्या सोमवारी सुरू होणार. त्यानं पुढच्या आठवड्यात टेस्टिंग आहे असं धरून डेटा बदलायला घेतला. इथे 'हॅव बीन टेस्टिंग सिन्स मंडे' हवं होतं, हे त्यानंच सांगितलं, आणि फार प्रेमानं नाही.

बोका_बोरिवली

'काल' आणि 'उद्या'ला एकच शब्द असतो म्हणून आपण हिंदीवाल्यांना हसतो. इथे आपण गेल्या आणि येत्या सोमवारला एकच वाक्य करून ठेवलंय.

रोखठोक_रत्नागिरी

मला या सगळ्या चर्चेतली गुलामगिरी खटकते. भारतात एवढे लोक इंग्रजी वापरतात, आपापसात व्यवहार बिनबोभाट चालतात. "आय हॅड सेंट" हे भारतीय इंग्रजी आहे. मुंबईच्या माणसानं चेन्नईच्या माणसाला लिहिलं तर दोघांना कळतं. मग न कळणाऱ्यानं शिकावं की.

वकिलीण_बाई

रोखठोक, तुमच्याशी निम्मी सहमत. आपापसातल्या मेलमध्ये कुणी कुणाचं हॅड दुरुस्त करू नये, फार चिडचिड होते त्यानं. पण मी करार बघते. बोलणी चालू असताना आमच्या एका पक्षकारानं समोरच्यांना लिहिलं होतं, "वुई हॅड अग्रीड ऑन थर्टी डेज." पेमेंटची मुदत तीस दिवसांची ठरली होती, तिची आठवण करून द्यायची होती. समोरच्या वकिलानं उत्तरात ते वाक्य घेऊनच सुरुवात केली: 'आपणच म्हणता तसं, तीस दिवस पूर्वी ठरले होते. आता नव्यानं बोलू.' त्या एका शब्दावर आमचा हक्क गेला नाही, बाकीचे कागद भक्कम होते. पण बोलणी पुन्हा उघडायला त्याला आम्हीच फट दिली. "वुई अग्रीड ऑन थर्टी डेज ऑन अमुक तारीख" असं लिहिलं असतं तर त्याला काही धरायला मिळालं नसतं.

आणि सुराचंही बघा. मराठीत 'मी सांगितलं होतं' म्हटलं की त्यात 'ऐकलं नाहीत ना' हा टोमणा असतो. तो हॅडबरोबर इंग्रजीतही जातो.

जावळी_जंक्शन

टोमणा प्रत्येक वेळी असतोच असं नाही हं. 'मी लहानपणी ते नाटक बघितलं होतं' यात कसला टोमणा?

वकिलीण_बाई

नाटकात नसेल. 'मेल केला होता' यात मात्र शंभरातल्या नव्वद वेळा असतो. माझ्या नवऱ्याला विचारा.

नागेश_एस

चौथं वाक्य राहिलं. 'वुई वुड शेअर'. वुड हे विलचं नम्र रूप आहे ना? आमचे मॅनेजर म्हणतात विल उद्धट वाटतं. मी कायम वुडच लिहितो.

अनुस्वार

विनंती करताना नम्र असतं: "वुड यू प्लीज सेंड." स्वतःचं वचन देताना तसं राहत नाही. "वुई वुड शेअर" ऐकलं की त्यापुढे एक 'इफ' अपेक्षित असतो: पाठवलं असतं, जर... म्हणून बाईंनी अट विचारली. 'विल' यात काहीही उद्धट नाही. फार तर "वुई विल शेअर" ऐवजी "यू विल हॅव द अपडेट बाय" लिहा, तुमच्या मॅनेजरनाही चालेल.

नागेश_एस

मॅनेजर हा धागा वाचत असतील तर त्यांनी हे लिहिलेलं पाहिलं नाही असं धरावं.

पानशेत_पॅसेंजर

सगळ्यांचे आभार. टीमसाठी तोच मेल पुन्हा लिहून काढलाय. व्याकरणाचं एक नावही न घेता हा आणि जुना मेल शेजारी शेजारी ठेवणार आहे. बघा बरं:

"वुई अप्लाइड द पॅच ऑन फ्रायडे नाइट, ॲंड इट इज स्टिल इन प्लेस. द रिपोर्ट सर्व्हर हॅज बीन डाउन सिन्स ७:१० एएम यूके टाइम. इट वॉज स्टिल डाउन व्हेन वुई लास्ट चेक्ड ॲट ८:००. वुई हॅव नॉट रिसीव्ड एनी अलर्ट. वुई विल सेंड ॲन अपडेट बाय ४ पीएम यूके टाइम."

'लास्ट चेक्ड' मुद्दाम घातलंय, कारण मुलाचं म्हणणंही चूक नव्हतं. त्यानं बघितलं तेव्हाचंच तो सांगू शकतो.

मृगजळ_कोल्हापूर

छान झालंय. अलर्टचं वाक्यही आता बरोबर झालं.

अनुस्वार

मला अलर्टच्याच वाक्याबद्दल शंका आहे. त्या बाईंनी तीन प्रश्न विचारले, पण अलर्टबद्दल काही विचारलं नव्हतं, हे लक्षात घ्या. अलर्ट सर्व्हर पडला त्या क्षणी यायला हवा होता. तो क्षण गेला. तिथे "डिड नॉट रिसीव्ह"च बरोबर होतं: यायचा तेव्हा आला नाही, म्हणजे अलर्टची यंत्रणाही बिघडली आहे. 'हॅव नॉट' लिहिलं की वाटतं, अजून येईल म्हणून वाट बघत बसलोय.

नागेश_एस

नाही पटलं. आमच्याकडे सर्व्हर बंद असेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी अलर्ट येत राहतो. सर्व्हर अजून बंद आहे म्हणजे अलर्ट यायची वेळही चालूच आहे. 'हॅव नॉट'च योग्य.

पानशेत_पॅसेंजर

आमच्याकडे एकदाच येतो. पण टीमला हे कसं समजावू? एका ठिकाणी डिड नॉट चूक, दुसऱ्या ठिकाणी तेच बरोबर.

अनुस्वार

काळ बाजूला ठेवा आणि घटना लिहा: "नो अलर्ट वॉज ट्रिगर्ड ॲट ७:१०." वेळ घातली की वाद मिटतो.

नागेश_एस

मिटत नाही. साडेसातला आला का, हे त्यात कुठे आहे?

जावळी_जंक्शन

ते चालू द्या तुमचं. त्या मेलचा सब्जेक्ट काय होता? आमच्याकडे सब्जेक्ट असतो 'सर्व्हर डाउन'. सर्व्हर दुपारी सुरू होतो, तरी रात्रीपर्यंत त्याच सब्जेक्टवर उत्तरं फिरत राहतात. वरचे साहेब मोबाइलवर फक्त सब्जेक्ट वाचतात आणि रात्री अकराला फोन करतात. त्या दोन शब्दांत तर क्रियापदच नसतं.

पानशेत_पॅसेंजर

आमचाही तसाच होता. बदलून 'रिझॉल्व्ड' करून बघितलं, पण जीमेलमध्ये सब्जेक्ट बदलला की नवीन साखळी सुरू होते आणि मागचा सगळा पत्रव्यवहार वेगळा पडतो. क्लायंटनंच सांगितलं, बदलू नका.

मृगजळ_कोल्हापूर

आम्ही सब्जेक्ट तसाच ठेवतो आणि मेलच्या पहिल्या ओळीत स्थिती आणि वेळ टाकतो, "रनिंग ॲज ऑफ २:४० पीएम" अशी. मोबाइलवर सब्जेक्टच्या खाली तेवढी ओळ दिसते.

जावळी_जंक्शन

हे करून बघतो. साहेबांच्या मोबाइलवर ती ओळ दिसते का, ते आधी तपासायला हवं.